रंगीत थ्रीडी स्कॅनमध्ये चांगल्या डोळ्याखाली भोक, रिपोर्टमध्ये मात्र काहीच नाही. खरं कुणाचं मानायचं?

कोरडा_पाऊस

धाकटा भाऊ गेल्या आठवड्यात सायकलवरून तोंडावर आपटला. उजव्या गालावर मार, डोळ्याभोवती काळंनिळं. त्याच दिवशी चेहऱ्याचा सीटी झाला. घरी आलेल्या पाकिटात दोन गोष्टी निघाल्या. एक मोठी काळी फिल्म, तिच्यावर तिकिटाएवढी चाळीसेक करडी चित्रं. दुसरा चकचकीत कागद, त्यावर हस्तिदंती रंगाची कवटी, समोरून, दोन्ही बाजूंनी आणि खालून. अगदी हातात धरावी अशी.

रिपोर्ट म्हणतो, उजव्या गालाच्या हाडाला आणि उजव्या डोळ्याच्या खोबणीच्या तळाला किंचित सरकलेलं फ्रॅक्चर, उजव्या सायनसमध्ये रक्त. डावी खोबण नॉर्मल.

आता रंगीत कवटी पाहा. डाव्या, म्हणजे न लागलेल्या डोळ्याच्या खोबणीच्या तळाला करंगळीच्या नखाएवढं भोक आहे. आरपार. आणि उजवीकडचा तळ, जो मोडलाय म्हणतात, तो जवळजवळ अखंड! डावं-उजवं मी दोनदा तपासलं, चित्राच्या कडेला आर छापलेला आहे, त्यामुळे कृपया तो विनोद करू नका.

म्हणजे रिपोर्ट लिहिणाऱ्याची बाजू चुकली? की त्यांनी हे रंगीत चित्र पाहिलंच नाही? इतकं स्वच्छ चित्र हाताशी असताना ती करडी तिकिटं बघत बसायचं कारण काय? डॉक्टरांची भेट चार दिवसांनी आहे, तोवर घरात सगळे ते भोक बघून हवालदिल.

तिरकस

विनोद करायला बंदी घालून धागा काढलात, हा फाउल आहे.

रोखठोक

उत्तर सोपं आहे. रंगीत चित्रं पेशंटला दाखवायला असतात. डॉक्टर ती बघतही नाहीत. त्या चित्रांसाठी मशीन परत एकदा फिरवतात, म्हणजे किरण दुप्पट. मी तर पुढच्या वेळी सरळ नको म्हणून सांगणार आहे.

वाटाड्या

रोखठोक, पहिलं अर्धं चालेल, दुसरं साफ चूक. मी सीटी मशीनवर काम करतो, ही रंगीत कवटी मीच बनवतो (तुमच्या भावाची नव्हे, अशाच इतर).

मशीन एकदाच फिरतं. पेशंट उठून बाहेर जातो, तेव्हा माझ्याकडे पातळ कापांची चळत असते. चेहऱ्याचे साधारण अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचे काप, अडीचशे-तीनशे तरी. ती चळत मी दुसऱ्या संगणकावर उघडतो आणि ‘हाड’ नावाचं बटण दाबतो. त्वचा, स्नायू, मेंदू सगळं गायब होतं, कवटी उरते. मग डोक्याखालचा टेकू कापून टाकतो, कवटी फिरवतो, चार बाजूंनी फोटो काढतो. पाच मिनिटांचं काम. जास्तीचा एकही किरण पेशंटला लागत नाही. ज्या कापांवरून रिपोर्ट लिहिला गेला, त्याच कापांवरून ती कवटी बनली आहे.

आता एक कबुली. डोळ्याखाली भोकं जवळजवळ प्रत्येक कवटीत येतात. ती बरी दिसत नाहीत म्हणून मी एक सरकपट्टी जरा खाली ओढतो. भोकं बुजतात. फार खाली ओढली तर दातांभोवती आणि गालावर धुरकट गाठी उगवतात, मग पुन्हा जरा वर. ‘बरं दिसतं’ तिथे थांबायचं. हा निर्णय माझा असतो, तोही दुपारच्या गर्दीत.

कोरडा_पाऊस

थांबा, म्हणजे तुम्ही पट्टी ओढून हाड बुजवता?? हे ऐकून दिलासा मिळायला हवा होता, उलट झालं.

सुमनमावशी

अरे बाळांनो, थ्रीडी चित्रांवर अविश्वास दाखवू नका. आमच्या सुनेच्या सोनोग्राफीत नातवाचा चेहरा इतका स्पष्ट दिसला, नाक थेट आजोबांचं. आणि जन्मल्यावर तसंच निघालं. पण तिच्या डॉक्टरीणबाई मात्र तो चेहरा दोन मिनिटं दाखवून पुन्हा त्या करड्या पडद्याकडे वळल्या आणि अर्धा तास तिथेच. तेव्हा मला रागच आला होता.

तिरकस

मावशी, सोनोग्राफी वेगळी, सीटी वेगळा. पण तुमच्या डॉक्टरीणबाईंनी या धाग्याचं उत्तर आधीच देऊन ठेवलंय बहुतेक.

आडवाछेद

रेडिओलॉजिस्ट आहे, रोज चेहऱ्याचे सीटी वाचतो. कोरडा_पाऊस, मी भावाची चित्रं पाहिलेली नाहीत, त्यामुळे त्याच्याबद्दल काही ठरवून सांगत नाही. पण ‘चांगल्या बाजूला भोक आणि मोडलेल्या बाजूला अखंड’ हे वाचून हसू आलं, कारण ते अगदी तसंच दिसायला हवं. रिपोर्टमधली एक ओळ तुम्ही सहज लिहून गेलात, तिच्यातच गोम आहे. उजव्या सायनसमध्ये रक्त.

सावकाश सांगतो.

सीटीला रंग दिसत नाही आणि ‘हाड’ही दिसत नाही. त्याला प्रत्येक बारीक ठोकळ्यासाठी एक आकडा मिळतो, किरण तिथे किती अडले याचा. पाणी शून्य, हवा उणे १०००, चरबी उणे १०० च्या आसपास, ताजं रक्त ५०-६०, हाड काही शेपासून हजाराच्या वर. करड्या चित्रात हे आकडे करड्या छटा होऊन तुमच्यासमोर येतात. थ्रीडीत मात्र संगणकाला एक उंबरठा सांगावा लागतो. समजा २००. वरचं सगळं हाड म्हणून रंगव, खालचं सगळं पारदर्शक कर. वाटाड्यांची सरकपट्टी म्हणजे हा उंबरठा.

आता डोळ्याच्या खोबणीचा तळ. कवटीतल्या सगळ्यात नाजूक हाडांपैकी एक, बऱ्याच ठिकाणी अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ. त्याच्या वर डोळ्यामागची चरबी, खाली सायनसमधली हवा. आपला ठोकळा ०.६ मिलिमीटर उंच धरू आणि हाड ०.३. म्हणजे ठोकळ्याचा अर्धा भाग हाड, उरलेल्यात थोडी चरबी, थोडी हवा. ठोकळ्याला आकडा एकच मिळतो, सगळ्यांची सरासरी. हाडाचे ७०० धरले तर त्याच्या अर्ध्या वाट्याचे ३५०. पाव भाग चरबीने २५ वजा. पाव भाग हवेने २५० वजा. उरले ७५. उंबरठा २००. संगणक म्हणतो, हे हाड नाही, आणि तिथे भोक पडतं. हाड जागेवरच आहे, फक्त त्याचा आकडा हवेने खाली ओढला.

हेच गणित उजवीकडे करा. तिथे हवेच्या जागी रक्त आहे. ३५०, वजा २५, आणि रक्ताचे बारा-तेरा अधिक. झाले जवळपास ३३७. उंबरठ्याच्या आरामात वर. हाड रंगलं, तळ अखंड दिसला. म्हणजे मार लागल्यामुळे सायनस भरला आणि सायनस भरल्यामुळे मोडकी बाजू धडधाकट दिसली.

आकडे समजावण्यासाठी सोपे घेतलेत, प्रत्यक्षात कडा आणखी पसरट असतात. पण दिशा हीच.

पिक्सेल

वा! मी वैद्यकीय नाही, ग्राफिक्सचा प्रोग्रामर आहे, त्यामुळे रंगाबद्दल एक भर. तो हस्तिदंती रंग एका तक्त्यातून येतो. आकडा इतका असेल तर रंग हा आणि पारदर्शकता इतकी. तेच आकडे, तक्ता बदलला की कवटीच्या जागी त्वचेचा चेहरा उभा राहतो. सावल्याही खोट्या, म्हणजे गणिताने टाकलेल्या. आकडे जिथे झपकन बदलतात तिथे पृष्ठभाग मानायचा आणि कोपऱ्यात एक काल्पनिक दिवा लावायचा. हल्ली तर प्रकाशाच्या असंख्य वाटा हिशेबात धरून चित्र काढतात, ते छायाचित्रासारखंच वाटतं. आत गेलेली माहिती मात्र तेवढीच.

आपल्या डोळ्याला सावली दिसली की ‘वस्तू’ दिसते. भोकाच्या कडेला सावली पडली की ते भोक आपण खरंच मानतो. करड्या कापात तोच भाग नुसता फिकट झाला असता आणि आपण म्हटलं असतं, इथे काहीतरी अंधुक आहे.

आडवाछेद

पिक्सेल, नेमकं. काप अंधुक असेल तर अंधुक दिसतो. थ्रीडीला ‘माहीत नाही’ म्हणता येत नाही. त्याला हो किंवा नाही, भोक किंवा हाड.

रोखठोक

म्हणजे मी बरोबरच होतो. दाखवायचं खेळणं. किरणांबद्दल चुकलो, मान्य.

जास्वंद

माझ्या वडिलांचं वेगळं झालं होतं म्हणून विचारते. त्यांच्या हृदयाच्या सीटीत लाल हृदय आणि वरून वळणावळणाच्या वाहिन्या, एकदम सुबक. आम्हाला वाटलं, चला, सगळं ठीक. रिपोर्टमध्ये एका वाहिनीत अर्ध्याहून जास्त अडथळा. तेही असंच का?

आडवाछेद

जास्वंद, कारणं जरा वेगळी, पण जातकुळी तीच. वाहिनीत रंगद्रव्य भरतात, त्याचा आकडा मोठा असतो. वाहिनीच्या भिंतीत कॅल्शियमचा खडा असेल तर त्याचाही आकडा मोठा. रंगीत चित्रात दोघं एकाच रंगात मिसळतात आणि खडा असलेली अरुंद जागा बाहेरून चांगली जाडजूड दिसते. वाहिनीच्या आत किती वाट उरली, हे ती वाहिनी उभी-आडवी कापूनच दिसतं. वडिलांची चित्रं न बघता एवढंच.

कोरडा_पाऊस

आडवाछेदसाहेब, गणित दोनदा कागदावर मांडलं, पटलं. पण एक शंका सुटत नाही. ‘आकडा हवेने खाली ओढला’ हे स्पष्टीकरण कुठल्याही भोकाला लावता येईल. खरं भोक असतं तर तेही असंच दिसलं असतं ना? मग डावीकडचं भोक खोटं हे कसं कळणार? रिपोर्ट म्हणतो म्हणून?

आडवाछेद

छान प्रश्न. थ्रीडी चित्रावरून कळणार नाही, हे पहिलं उत्तर. त्यासाठीच कापांकडे जायचं, आणि तेही योग्य दिशेच्या.

खोबणीचा तळ जवळजवळ आडवा असतो. आडव्या कापांत तो कापाच्याच दिशेत पडतो, त्यामुळे नीट सापडत नाही. म्हणून कान ते कान असे उभे काप बघतो, ज्यात दोन्ही डोळे, मध्ये नाक आणि खाली दोन सायनस एकाच चित्रात समोरासमोर येतात. आम्ही त्याला कोरोनल म्हणतो. या चित्रात तळ ही दोन्ही बाजूंना एक बारीक पांढरी रेघ असते.

खोटं भोक असेल तर रेघ हळूहळू फिकट होत जाते, पण तिची वाट मोडत नाही. पलीकडे पुन्हा त्याच वळणात ती उजळते. तिच्याखालचा सायनस काळाभोर, म्हणजे स्वच्छ हवेने भरलेला. वरची चरबी आपल्या जागी. खरा मार असेल तर रेघ एकदम तुटते, टोक धारदार दिसतं, एखादा तुकडा खाली कललेला असतो. फटीतून चरबीचा थेंब सायनसमध्ये लोंबतो, सायनस रक्त साचून करडा दिसतो, कधी डोळ्याभोवतीच्या चरबीत हवेचे काळे बुडबुडे. हाड मोडलं आणि शेजाऱ्यांना काहीच कळलं नाही, असं इतक्या ताज्या मारात सहसा होत नाही.

आणि हे शेजारी बघायला चित्राचा उजळपणा बदलावा लागतो. एकदा हाडासाठी, एकदा मऊ भागांसाठी. तेच काप, दोनदा. थ्रीडी कवटीत मऊ भाग आपण आधीच पुसून टाकलेत, मग साक्षीदार कुठून आणणार?

अजून एक. हाड वाचायला आम्ही धारदार पद्धतीने तयार केलेले काप वापरतो. त्यात बारीक रेघा उठून दिसतात, पण खरखरही भरपूर. त्यावर थ्रीडी केली तर कवटीला वाळूचा लेप दिल्यासारखी दिसते, म्हणून थ्रीडीसाठी गुळगुळीत पद्धतीचे काप घेतात. न सरकलेली केसासारखी फट त्या गुळगुळीतपणात बुजून जाते. म्हणजे चूक दोन्हीकडे होते. नसलेलं भोक दिसतं आणि असलेली फट दिसत नाही.

वाटाड्या

यात हललेला पेशंट धरा. स्कॅन चालू असताना कुणी गिळलं किंवा मान हलवली की जबड्याला थ्रीडीत सुंदर पायरी पडते, तुटल्यासारखी. एकदा नातेवाईक ती पायरी बघून रडायलाच लागले होते. कापांत त्याच पातळीवर त्वचेची कडही दुहेरी दिसत होती. हाड तुटलं तर त्वचेला पायरी कशाला पडेल?

हाडाचा_मित्र

उशिरा आलो. जबडा आणि चेहऱ्याच्या शस्त्रक्रिया करतो. आडवाछेद यांचं सगळं मान्य, पण धागा ज्या दिशेने चाललाय ती मला मान्य नाही. ‘खेळणं’ वगैरे, रोखठोक, हे अति झालं.

गालाचं हाड म्हणजे चार-पाच खांबांवर उभं असलेलं टेबल समजा. एक खांब भुवईच्या बाहेरच्या टोकाला, एक कानाकडे जाणारी कमान, एक डोळ्याखालची कड, एक वरच्या जबड्यावर, एक आत खोल. मार लागला की टेबल नुसतं खाली दबत नाही, ते फिरतं. कुठल्या खांबाभोवती फिरलं आणि किती, हे अडीचशे कापांतून डोक्यात जुळवायला मला वीस मिनिटं लागतील. रंगीत कवटी खालून बघितली की दोन गालांच्या उंचवट्यातला फरक क्षणात कळतो. मग कुठे छेद घ्यायचा आणि कुठल्या खांबाला धातूची पट्टी बसवायची, हे ठरवता येतं.

कवटीच्या हाडात एखादी फट अगदी आडवी, कापाच्याच दिशेत धावत असेल तर आडव्या कापांत ती हुलकावणी देऊ शकते. थ्रीडीत तीच फट कवटीवर ओढलेल्या रेघेसारखी समोर येते. लहान बाळांत तर नैसर्गिक सांधा कुठला आणि फट कुठली, हे कवटी फिरवून बघितल्याशिवाय मी कुणाला सांगणार नाही.

आडवाछेद

बाळांच्या कवटीचं मान्य, तिथे मीही आधी थ्रीडी उघडतो. पण आडवी फट कोरोनल कापांत दिसतेच की. थ्रीडीने वाचवलं असं म्हणण्यापेक्षा, वाचणाऱ्याने फक्त आडवे काप पाहिले असं म्हणा.

हाडाचा_मित्र

पुस्तकात दिसते. रात्री तीन वाजता, सोळाव्या पेशंटच्या वेळी, रेघ उठून दिसलेली बरी.

आडवाछेद

रात्री तीन वाजता उठून दिसणारी खोटी भोकंही असतात. मी आधी काप, मग थ्रीडी, या क्रमावर ठाम आहे. आधी कवटी बघितली की डोळा तिनेच दाखवलेल्या जागी जात राहतो.

हाडाचा_मित्र

या क्रमावर आपलं जमणार नाही. असो. एका बाबतीत मात्र मी तुमच्याहून कडक आहे.

लहान मुलांचं हाड लवचिक असतं. चेंडू किंवा कोपर डोळ्यावर बसला की खोबणीचा तळ झाकणासारखा खाली उघडतो आणि लगेच परत मिटतो. मिटताना डोळा फिरवणारा स्नायू किंवा त्याच्या भोवतीची चरबी फटीत चिमटते. हाड जागेवर, त्यामुळे थ्रीडी कवटी निर्दोष. कधीकधी बाहेरून डोळाही पांढराशुभ्र, सूज नाही. मूल मात्र वर बघू शकत नाही, वर बघताना दुखतं, उलट्या करतं, नाडी मंद होते. उलट्यांमुळे सगळे डोक्याच्या माराकडे बघत राहतात. तो स्नायू लवकर सोडवावा लागतो, नाहीतर तो कायमचा बिघडू शकतो. अशा मुलाचं रंगीत चित्र दाखवून मला कुणी ‘हाड तर ठीक आहे’ म्हटलं की मी चिडतो. तिथे कोरोनल कापात, मऊ भागांसाठीच्या उजळपणात, तळाखाली अडकलेला छोटासा करडा ठिपका शोधायचा असतो. आणि मुलाला वर बघायला सांगायचं असतं, ते त्याहून आधी.

सुमनमावशी

हे वाचून अंगावर काटा आला. आमचा नातू दिवसभर चेंडूच घेऊन असतो. वर बघायला सांगायचं, लक्षात ठेवते.

पिक्सेल

हाडाचा_मित्र, तुम्ही म्हणे चांगली बाजू आरशासारखी उलटवून मोडक्या बाजूवर बसवता आणि तशी पट्टी आधीच वाकवून ठेवता. मग या खोट्या भोकांचं काय? आरसाही भोकासकटच येत असेल.

हाडाचा_मित्र

येतो ना! थ्रीडी प्रिंटरवर साचा काढला तर खोबणीच्या तळाला चाळणी. म्हणून उंबरठ्यावर विसंबता येत नाही, एकेका कापावर जाऊन तळाची रेघ हाताने पुरी करावी लागते. ते कंटाळवाणं काम कुणीतरी केलेलं असतं, म्हणून पट्टी बसते. गंमत बघा, थ्रीडी दुरुस्त करायला शेवटी करड्या कापांकडेच जावं लागतं.

आडवाछेद

हे तुम्ही बोललात. मी नाही.

कोरडा_पाऊस

अपडेट. पाकिटात एक सीडीही होती, आम्ही ती पाकिटाचाच भाग समजत होतो. त्यातच चित्रं बघायचा प्रोग्राम निघाला. काल रात्री भाऊ आणि मी बसलो.

कोरोनल काप सापडायला वेळ लागला, पण सापडले. डावीकडे बारीक पांढरी रेघ, मध्यावर फिकी होत जाते, मग परत येते. खाली सायनस काळाभोर. उजवीकडे सायनस निम्म्याहून जास्त करडा. आणि रेघेत एका जागी खरंच तुटक, छोटा तुकडा खाली झुकलेला. हे बघताना आम्ही दोघंही गप्प झालो. रंगीत चित्रात ही जागा दिसतच नाही, तिथे गुळगुळीत हाड आहे.

मग थ्रीडी उघडून उंबरठ्याची पट्टी सरकवून पाहिली. खाली नेली तर डावं भोक मिटलं आणि दातांभोवती गाठी उगवल्या. वर नेली तर नाकाच्या बाजूच्या भिंतीही चाळणी झाल्या. पाच मिनिटांत भावाची कवटी आम्ही तीन वेळा मोडली आणि जोडली.

दोन प्रश्न उरलेत. डोळ्याच्या कडेखाली, दोन्हीकडे सारख्या जागी एकेक छोटं गोल भोक आहे, ते पट्टी कितीही सरकवली तरी हटत नाही. आणि भावाला उजवा गाल, नाकपुडी आणि वरचा ओठ बधिर वाटतोय. दोन्हीचा काही संबंध?

आडवाछेद

आहे. ते गोल भोक खरं आहे आणि सगळ्यांना असतं. त्यातून गालाला आणि वरच्या ओठाला संवेदना देणारी नस बाहेर येते. बाहेर येण्याआधी ती खोबणीच्या तळातूनच धावते, त्यामुळे तिथे मार बसला की हाच भाग बधिर होतो. डॉक्टरांना हे नक्की सांगा. आणि वर-खाली बघताना एकाच्या दोन वस्तू दिसतात का, तेही. दोन दिसत असतील, वर बघताना डोळा अडत असेल किंवा नजर कमी झाली असेल, तर भेटीची वाट बघू नका, आजच जा.

कोरडा_पाऊस

दोन दिसत नाहीत, आत्ताच बोट फिरवून पाहिलं. नजरही नेहमीसारखी.

रोखठोक

माझा मूळ मुद्दा राहिलाच. इतकी दिशाभूल होत असेल तर पेशंटच्या हातात हे चित्र देताच कशाला?

वाटाड्या

न दिल्यावर काय होतं तेही बघितलंय. ‘सगळ्यांना रंगीत मिळतं, आमचंच का नाही?’

जास्वंद

मी देण्याच्या बाजूने आहे. वडिलांना अडथळा कुठल्या वाहिनीत आहे, हे त्या लाल हृदयावर बोट ठेवूनच समजलं. करड्या कापावर समजलं नसतं. फक्त खाली एक ओळ छापा, की यावरून निदान करू नये.

रोखठोक

ती ओळ कोण वाचतं.

कोरडा_पाऊस

आज भेट झाली. त्यांनी आधी गालाला कापसाचा बोळा लावून दोन्ही बाजूंचा फरक विचारला, बोटामागे डोळे फिरवायला लावले, मग कोरोनल काप वरखाली केले. रंगीत कागद मी मुद्दाम पुढे सरकवला. त्यांनी तो उलटा धरून, खालून, दोन गालांची उंची बघितली, ‘फारसं फिरलेलं नाही’ म्हणाले आणि परत दिला. डाव्या भोकाकडे बघितलंही नाही. सध्या शस्त्रक्रिया नाही, नाक जोरात शिंकरायचं नाही, दहा दिवसांनी परत दाखवायचं. बधिरपणा जायला आठवडे किंवा महिने लागतील.

हाडाचा_मित्र आणि आडवाछेद, तुम्हा दोघांचंही बरोबर निघालं, त्यामुळे भांडण तुमचं तुम्हीच मिटवा.

भावाने ती रंगीत कवटी फोनवर स्वतःचा फोटो म्हणून लावली आहे.

तिरकस

डावी बाजू दिसतेय ना त्यात? भोक बुजवून मगच लावायला सांगा, पुढचा धागा त्याच्या मित्रांकडून येईल.